नफा, रोकड आणि घरातले चार वाटेकरी

आपल्याकडे पेढी होती तेव्हा 'उचल' हा शब्द होता. प्रत्येक भागीदाराचे खतावणीत स्वतंत्र पान असे. घरखर्च, मुलांची फी, लग्नकार्य, ज्याला जेव्हा लागेल तेव्हा तो उचल घेई आणि दिवाळीला नफ्याचा वाटा त्याच पानावर जमा होऊन हिशेब मिटे. भागीदारी पेढीने आपल्या नफ्यावर कर भरला की भागीदाराच्या वाट्यावर पुन्हा कर लागत नाही, त्यामुळे पैसा पेढीत आहे की घरात, याने कराच्या दृष्टीने काही बिघडत नसे. पुढे बँकांची मोठी कर्जे, मर्यादित जबाबदारी आणि मोठ्या ग्राहकांचे आग्रह यांमुळे अनेक पेढ्यांच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या झाल्या. पाटी बदलली, पण उचलीची सवय तशीच राहिली. कंपनीत उचल नसते. तिथे काम करणाऱ्याला वेतन मिळते, पैसे किंवा जागा देणाऱ्याला व्याज किंवा भाडे मिळते आणि निव्वळ मालकीबद्दल लाभांश मिळतो. कुटुंबातील बहुतेक कलह हे तीन प्रवाह एकमेकांत मिसळल्यामुळे होतात, असे माझे अनेक वर्षांच्या हिशेबलेखनानंतरचे मत आहे.

हे मत आमच्याच घरच्या उदाहरणावरून मांडतो. आकडे सोयीसाठी पूर्णांकात घेतले आहेत. आमचे कार्यालय गंगापूर रोडवर आणि कारखाना सातपूर औद्योगिक वसाहतीत. आम्ही क्राफ्ट पेपरपासून कोरुगेटेड खोकी बनवतो. निम्मा माल द्राक्ष निर्यातदारांकडे जातो, उरलेला वाहनांचे सुटे भाग आणि औषधे बनवणाऱ्या कारखान्यांकडे. कंपनीचे चार भागधारक आहेत. थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, त्यांच्याकडे ३० टक्के शेअर. ते कारखाना पाहतात. माझ्याकडे ३० टक्के. मी हिशेब आणि बँक पाहतो. विवाहानंतर पुण्यात स्थायिक झालेल्या ताईकडे २० टक्के. आणि आमचा धाकटा भाऊ अकाली गेल्यावर त्याचे २० टक्के शेअर भावजयीच्या नावे झाले. दादांना वर्षाला ३६ लाख वेतन मिळते, मला ३०. ताई आणि भावजय कंपनीत काम करत नाहीत.

मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात करपूर्व नफा दोन कोटी झाला. सवलती सोडून देणाऱ्या कंपन्यांसाठी जो २२ टक्क्यांचा दर आहे, तो अधिभार आणि उपकरासह सुमारे २५.१७ टक्के पडतो. म्हणजे कर सुमारे ५० लाख आणि करोत्तर नफा दीड कोटी. आजवरच्या वर्षांतला हा सर्वोत्तम आकडा. जुलैमध्ये ताळेबंदाचा मसुदा घेऊन आम्ही चौघे बसलो तेव्हा भावजयीने शांतपणे विचारले, "भाऊजी, दीड कोटी नफा झाला असेल तर माझ्या पाचव्या हिश्श्याचे तीस लाख होतात. मुलाच्या महाविद्यालयाची फी आहे आणि भाड्याचे घर सोडून लहानसा फ्लॅट घ्यायचा आहे. त्यातले मला किती मिळतील?" दादांचे उत्तर तयार होते. पाच पदरी खोक्यांची नवी स्वयंचलित लाइन घ्यायची असल्याने तीन वर्षे लाभांश नको. "पैसा कंपनीत राहिला म्हणजे आपलाच आहे," असे ते म्हणाले.

दोघांचेही म्हणणे प्रामाणिक होते, आणि दोन्ही विधाने तपासून पाहणे आवश्यक होते.

दादांचे विधान आधी घेऊ. कंपनीत राहिलेला पैसा भागधारकाचा असतो का? या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये मुंबईच्या बाचा गझदर यांच्या प्रकरणात दिले आहे. या बाईंचे चहाच्या मळेवाल्या कंपन्यांत शेअर होते. चहाच्या उत्पन्नाचा ६० टक्के भाग शेतीचा मानला जात असे आणि त्यावर आयकर नसे. आपल्याला मिळालेल्या लाभांशाचाही ६० टक्के भाग शेतीचे उत्पन्न मानावा, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. भागधारक हा कंपनीच्या मालमत्तेचा मालक नाही. कंपनी वेगळी व्यक्ती आहे आणि लाभांश जाहीर झाल्यावर तो मिळण्याचा हक्क एवढेच भागधारकाच्या हाती येते. म्हणजे कंपनीत राहिलेला रुपया दादांच्या ताब्यात असतो, कारण त्याचा विनियोग ते ठरवतात. भावजयीच्या ताब्यात तो नसतो. तिच्या दृष्टीने जाहीर न झालेला लाभांश म्हणजे दुसऱ्याच्या घरात ठेवलेले धान्य.

कायदाही तिच्या मदतीला फारसा येत नाही. लाभांशाची शिफारस संचालक मंडळाने करायची असते. सर्वसाधारण सभा ती रक्कम कमी करू शकते, वाढवू शकत नाही. आमच्या कंपनीत संचालक आम्ही दोघे भाऊ आणि आमचे मिळून मत ६० टक्के. नफा असूनही लाभांश दिला नाही, एवढ्याच कारणावरून न्यायाधिकरण सहसा हस्तक्षेप करत नाही. म्हणून कौटुंबिक कंपनीतील लाभांशाचा निर्णय हा काम करणाऱ्या मालकांनी काम न करणाऱ्या मालकांविषयी घेतलेला निर्णय असतो. ही गोष्ट प्रथम मान्य केली की पुढचा हिशेब अधिक स्वच्छ होतो.

आता भावजयीचे विधान. दीड कोटी नफा झाला म्हणजे दीड कोटी वाटता येतात का? कायद्याने घसारा वजा करून आणि मागील तोटा असल्यास तो भरून काढून उरलेल्या नफ्यातून लाभांश देता येतो. या कसोटीवर आम्ही जवळपास सगळा नफा वाटू शकत होतो. परंतु कायद्याची मुभा म्हणजे तिजोरीतील पैसा नव्हे. मी एका कागदावर पुढील मांडणी केली.

करोत्तर नफा १५० लाख. त्यात ४० लाखांचा घसारा मिळवला, कारण तो खर्ची पडला असला तरी त्यासाठी त्या वर्षी कुणाला पैसे द्यावे लागलेले नाहीत. झाले १९० लाख. विक्री वाढल्याने उधारी आणि क्राफ्ट पेपरचा साठा वाढला. त्यात ५५ लाख अडकले. जुनी यंत्रे चालू ठेवण्यासाठी रोलर बदलणे, बॉयलरची दुरुस्ती यांवर ३५ लाख गेले. हा विस्ताराचा खर्च नव्हे. तो केला नाही तर आहे तेच उत्पादन घटेल. मुदत कर्जाच्या मुद्दलाचे हप्ते ३० लाख. व्याज नफ्याआधीच वजा होते, मुद्दल होत नाही, हे अनेक जण विसरतात. हे १२० लाख वजा जाता उरले ७० लाख. दीड कोटींच्या नफ्यामागे मोकळी रोकड ७० लाख होती. भावजयीने हा कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "मग प्रश्न दीड कोटींचा नाही, सत्तर लाखांचा आहे." त्या दिवसापासून आमच्या घरात चर्चेचा आरंभ नफ्यापासून होत नाही, या आकड्यापासून होतो.

हे प्रमाण धंद्यागणिक बदलते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात सीज नावाची चॉकलेट बनवून विकणारी जुनी कौटुंबिक कंपनी होती. वॉरन बफे यांच्या समूहाने ती १९७२ मध्ये अडीच कोटी डॉलरना घेतली. २००७ पर्यंतच्या काळात तिने एकूण १३५ कोटी डॉलरचा करपूर्व नफा मिळवला आणि वाढीसाठी तिला अवघे ३.२ कोटी डॉलर पुन्हा गुंतवावे लागले, असा हिशेब बफे यांनी स्वतः भागधारकांना दिला आहे. चॉकलेट रोखीने विकले जाते आणि यंत्रे कमी लागतात, म्हणून कर वजा जाता जवळजवळ सगळा नफा मालकाकडे पाठवता आला. खोक्यांच्या धंद्यात कागद आधी विकत घ्यावा लागतो, माल उधारीवर जातो आणि यंत्रे झिजतात. त्यामुळे शेजाऱ्याची कंपनी नफ्याचा अमुक टक्के वाटते म्हणून आपणही तेवढेच वाटावे, या तुलनेला अर्थ नाही.

त्या ७० लाखांवर पहिला दावा दादांच्या नव्या लाइनचा होता. तिची किंमत चार कोटी. बँक तीन कोटी देणार, आपले एक कोटी. हे एक कोटी म्हणजे दीड वर्षाची मोकळी रोकड. ती रोखून धरायची तर तिने भागधारकांना बाहेर मिळणाऱ्या परताव्याहून चांगला परतावा दिला पाहिजे. दादांचा अंदाज असा की लाइन वर्षातले आठ महिने पूर्ण चालली तर घसारा वजा जाता ४५ लाखांचा जादा नफा येईल. तीन कोटींवर १० टक्के धरून पहिल्या वर्षाचे व्याज ३० लाख. उरले १५ लाख, कर गेल्यावर सुमारे ११ लाख. आपल्या एक कोटीवर ११ टक्के.

हा आकडा बरा दिसतो. पण पाच पदरी खोक्याची मोठी मागणी द्राक्षांची आणि द्राक्षांचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. उरलेल्या महिन्यांसाठी कोणता ग्राहक आहे, हे विचारले तेव्हा दोन कारखान्यांशी बोलणे चालू आहे, एवढेच उत्तर मिळाले. लाइन चारच महिने चालली तर दादांच्याच आकड्यांनी जादा नफा १८ लाखांवर येतो, आणि व्याज मात्र ३० लाखच राहते. म्हणजे वर्षाला १२ लाखांचा तोटा, आणि तो भरून काढणार जुना धंदा. नफा रोखून धरण्याचे कारण म्हणून एखादे यंत्र पुढे केले जाते तेव्हा ते यंत्र किती महिने चालले तर व्याज सुटते, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. उत्तरामागे खरेदीचा लेखी करार असेल तर गोष्ट वेगळी.

त्याच बैठकीत दुसरा प्रस्ताव निघाला. हंगामात आमचे प्रिंटर-स्लॉटर यंत्र अपुरे पडते, म्हणून छपाई आणि कापणी आम्ही बाहेर जॉबवर्कवर देतो. गेल्या वर्षी त्याची बिले २८ लाखांची झाली. नवे प्रिंटर-स्लॉटर ८० लाखांचे, त्यात बँकेचे ६० आणि आपले २०. कामगार आणि विजेचे ६ लाख, घसारा ८ लाख, व्याज ६ लाख वजा करता २८ लाखांच्या बचतीतून ८ लाख उरतात. कर गेल्यावर ६ लाख. आपल्या २० लाखांवर ३० टक्के. महत्त्वाचे म्हणजे इथे कोणताही नवा ग्राहक मिळण्याची अट नव्हती. बचत चुकत्या केलेल्या बिलांतून दिसत होती. दादांनी पाच पदरी लाइन एका वर्षाने पुन्हा विचारात घ्यायचे कबूल केले आणि प्रिंटर-स्लॉटरवर चौघांचे एकमत झाले. ७० मधून २० गेले, ५० लाख उरले.

मग पन्नासच्या पन्नास लाख वाटावे का? इथे ताळेबंदाची तारीख फसवते. ३१ मार्चचा ताळेबंद आमच्या हंगामाच्या ऐन मध्यावर येतो, सभा सप्टेंबरमध्ये होते. सप्टेंबरपर्यंत निर्यातदारांचे पैसे येऊन गेलेले असतात आणि बँकेचे कॅश क्रेडिट खाते वर्षातले सर्वांत हलके दिसते. त्या दिवशी कितीही लाभांश परवडेल असे वाटते. पण ऑक्टोबरपासून कागदाची खरेदी सुरू होते आणि फेब्रुवारीत खाते तळाला जाते. म्हणून मी सप्टेंबरची शिल्लक न पाहता फेब्रुवारीचा अंदाज मांडला.

आमची कॅश क्रेडिट मर्यादा दोन कोटींची. लाभांश आणि यंत्र दोन्ही नसते तर फेब्रुवारीत त्यातले १२० लाख वापरले जातील, असा अंदाज होता. यंत्राचे २० मिळून १४०. लाभांशाचे ५० मिळवले तर १९०. मोकळे राहतात अवघे १० लाख. एका मोठ्या ग्राहकाचे पैसे महिनाभर लांबले तर आम्हाला २० लाखांची खोट येते, हा मागील वर्षांचा अनुभव. म्हणजे ५० लाख दिले असते तर एका ग्राहकाच्या विलंबाने मर्यादा ओलांडली गेली असती आणि कागदवाल्याचे पैसे थकले असते. लाभांश ३६ लाख ठेवला तर वापर १७६ लाख होतो आणि २४ लाख मोकळे राहतात. एक विलंब त्यात मावतो. ३६ लाखांचा आकडा असा तळाच्या महिन्यावरून निघाला. करोत्तर नफ्याच्या तो २४ टक्के होता, पण ही टक्केवारी नंतर काढली. आधी ठरवली नव्हती.

जी कंपनी तळाचा महिना पाहत नाही ती प्रत्यक्षात बँकेच्या पैशातून लाभांश देते. हे ओळखण्याची सोपी रीत आहे. तीन वर्षांत वाटलेल्या लाभांशाची बेरीज घ्यावी आणि त्याच तीन वर्षांत फेब्रुवारीतली, म्हणजे आपापल्या धंद्यातल्या तळाच्या महिन्यातली, बँकेची उचल किती वाढली ते पाहावे. विक्री फारशी वाढलेली नसताना दोन्ही आकडे बरोबरीने चढत असतील तर भागधारकांना मिळालेला पैसा कर्जाचा आहे. आणखी एक कागद पाहावा लागतो, तो बँकेच्या मंजुरीपत्राचा. लाभांशापूर्वी बँकेची अनुमती घ्यावी किंवा हप्ते थकले असताना लाभांश देऊ नये, अशी अट त्यात बहुधा असते. आमच्याही पत्रात ती होती, आणि अनुमतीचे पत्र सभेपूर्वी हातात घेतले.

आता घरातल्या चौघांकडे वळू. ३१ मार्च २०२० पर्यंत लाभांशावरचा वितरण कर कंपनी भरत असे, त्यामुळे त्याचा भार सर्वांवर सारखाच पडे. १ एप्रिल २०२० पासून हा कर गेला आणि लाभांश प्रत्येकाच्या स्वतःच्या उत्पन्नात धरला जाऊ लागला. तेव्हापासून एकच रुपया चौघांच्या हाती चार प्रकारे पडतो. दादांच्या आणि माझ्या ३० टक्क्यांचे प्रत्येकी १० लाख ८० हजार होतात. आम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहोत, उपकरासह ३१.२ टक्के जातात आणि हाती सुमारे ७ लाख ४३ हजार राहतात. भावजयीचे २० टक्के म्हणजे ७ लाख २० हजार. तिचे दुसरे उत्पन्न थोड्या व्याजापुरतेच आहे. २०२५-२६ या वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर उरत नाही. कंपनी १० टक्के, म्हणजे ७२ हजार, टीडीएस कापते. तो तिला विवरणपत्र भरून परत मिळतो.

याचा परिणाम असा की काम करणाऱ्या भावांना लाभांश महाग वाटतो आणि वेतन स्वस्त. समजा कंपनीकडे १० लाख आहेत. ते दादांना वेतन म्हणून दिले तर कंपनीला त्यावर कर नाही आणि दादांच्या हाती ६ लाख ८८ हजार पडतात. तेच १० लाख नफा म्हणून राहिले तर कंपनीचा कर जाऊन ७ लाख ४८ हजार उरतात आणि त्यात दादांचा वाटा ३० टक्के, म्हणजे सव्वादोन लाखांच्या आत, शिवाय त्यावर पुन्हा कर. करसल्लागार सहज म्हणतो, "वेतन वाढवा." पण त्या वाढीव वेतनातले ४० टक्के ताई आणि भावजय यांच्या नफ्यातून गेलेले असतात. वेतन किती असावे याची कसोटी कर वाचवणे ही नाही. उद्या दादांच्या जागी बाहेरचा व्यवस्थापक नेमला तर त्याला काय द्यावे लागेल, हीच खरी कसोटी. आम्ही सातपूर आणि अंबडमधल्या अशाच आकाराच्या कारखान्यांत चौकशी केली. दादांचे वेतन वरच्या बाजूला निघाले. ते तीन वर्षे वाढवायचे नाही, हा प्रस्ताव दादांनी स्वतःच मांडला. त्या दिवशीच्या बैठकीतला सर्वांत मोलाचा निर्णय मला तो वाटतो.

भावजयीची गरज मात्र ७ लाख २० हजारांत पूर्ण होत नव्हती. फ्लॅटच्या पहिल्या भरण्यासाठी तिला २० लाख हवे होते. ताई म्हणाली, "कंपनीने तिला कर्ज द्यावे, हळूहळू फेडेल." हा मार्ग नैसर्गिक वाटतो, पेढीच्या काळात हेच झाले असते. कंपनीत तो धोक्याचा आहे. ज्या भागधारकाकडे १० टक्के किंवा अधिक मताधिकार आहे, त्याला अशा खासगी कंपनीने कर्ज किंवा अग्रीम दिले तर साठलेल्या नफ्याच्या मर्यादेपर्यंत ती रक्कम लाभांशच मानली जाते आणि त्याच्या उत्पन्नात धरून तिच्यावर कर लागतो. पैसे नंतर फेडले तरी कर सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तरुलता श्याम यांच्या प्रकरणात हेच सांगितले. तिथे रक्कम वर्ष संपण्याआधी परत केलेली होती, तरीही ती लाभांशच ठरली. २० लाखांचे कर्ज आणि ७ लाख २० हजारांचा लाभांश मिळून भावजयीचे उत्पन्न २७ लाखांच्या वर गेले असते, १२ लाखांची सवलत हातची गेली असती आणि हाती घर यायच्या आधी कराची नोटीस आली असती. जुन्या सवयीने जी मंडळी कंपनीतून वर्षभर उचल घेतात आणि मार्चअखेर जमाखर्च मिटवतात, त्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

तिला जास्त लाभांश आणि आम्हाला कमी, असेही करता येत नाही. एकाच वर्गाच्या शेअरवर दर एकच असतो. म्हणून तिची जादा गरज आम्ही कंपनीबाहेर भागवली. दादांनी आणि मी आमच्या हाती आलेल्या लाभांशातून प्रत्येकी साडेसहा लाख तिला वैयक्तिक कर्ज म्हणून धनादेशाने दिले, लेखी आणि बिनव्याजी. तिचे सात लाख धरून वीस लाख झाले. पुढील वर्षांच्या लाभांशातून ती ते फेडेल. तिने ते दान म्हणून घेण्यास नकार दिला, आणि तिचे ते बरोबरच होते. ती मागत होती तो तिचा वाटा होता.

सभा सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. लाभांश जाहीर झाल्यापासून पाच दिवसांत ती रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते आणि तीस दिवसांत भागधारकांना द्यावी लागते. छोट्या कंपन्या हे वेगळे खाते उघडायला विसरतात. आम्ही ते सभेआधीच उघडून ठेवले होते.

त्याच सभेनंतर आम्ही एक पानी नियम लिहून इतिवृत्तात नोंदवला. लाभांश धोरण असणे मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना बंधनकारक आहे, आमच्यासारख्यांना नाही. पण आमच्यासारख्यांनाच ते अधिक हवे. त्यात तीन गोष्टी आहेत. पहिली, दर जुलैमध्ये नफ्यापासून मोकळ्या रोकडीपर्यंतचा कागद चौघांना मिळेल. दुसरी, बँकेच्या अटी पाळल्या जात असतील आणि तळाच्या महिन्यात एक मोठा विलंब मावत असेल, तर किमान २० लाख लाभांश दिला जाईल. त्याहून कमी द्यायचा असेल तर संचालकांनी कारण लेखी द्यावे. म्हणजे भावजयीला दरवर्षी चार लाख तरी धरून चालता येते आणि मुलाची फी त्या भरवशावर बेतता येते. तिसरी, एकदाच येणाऱ्या पैशाचा विचार वेगळा होईल. आपल्या जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातील रावळगावची गोळी सर्वांना ठाऊक आहे. वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये उभारलेल्या त्या कंपनीने आपल्या गोळ्यांच्या मुद्रा २०२४ मध्ये रिलायन्स समूहातील कंपनीला २७ कोटींना विकल्या. अशी रक्कम एकदाच येते. जमीन, मुद्रा किंवा एखादा विभाग विकून आलेला पैसा नेहमीच्या लाभांशात मिसळला, तर पुढच्या वर्षी घरखर्च त्या उंचीवर जाऊन बसतो आणि धंदा तिथे पोचू शकत नाही.

या नियमाच्या मर्यादा मला ठाऊक आहेत. तो न्यायालयात बजावता येणारा हक्क नाही. नफा नसेल किंवा बँकेने नकार दिला तर २० लाखही देता येणार नाहीत. करांचे दर बदलतील आणि ही सगळी गणिते दर वर्षी नव्याने मांडावी लागतील. दादांना दोन कारखान्यांकडून वर्षभराचा लेखी खरेदी करार मिळाला तर पाच पदरी लाइनचा प्रस्ताव पुन्हा टेबलावर येईल, आणि तेव्हा लाभांश किमान पातळीवर आणण्यास ताई आणि भावजय आनंदाने हो म्हणतील, कारण आपला पैसा कशात अडकतो आहे हे त्यांना कागदावर दिसेल. यंदाच्या जुलैचा कागद भावजयीने मागण्याआधीच मी तिच्याकडे पाठवणार आहे. त्यातली फेब्रुवारीची ओळ मी लाल शाईने लिहिणार आहे, म्हणजे नफ्याच्या आकड्याआधी नजर तिथे जाईल.